अंदाज आणि दुरुस्ती : ऑयलरची साधी पायरी आणि सुधारित पायरी हाताने करून पाहताना

अवकल समीकरण आकडेमोडीने सोडवायला शिकताना पहिली गाठ पडते ती ऑयलरच्या पद्धतीशी. आत्ताचा उतार काढायचा आणि त्याच उताराने थोडे पुढे जायचे, एवढेच तिच्यात असते. ऑयलरने ती १७६८ च्या ग्रंथात मांडली. तिच्यात दुसरा उतार घालून सुधारलेली जी पद्धत आपण शिकतो, तिला जर्मन गणिती कार्ल हॉयन यांचे नाव मिळाले आहे. त्यांचा या विषयावरचा निबंध १९०० सालचा. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ती बहुधा ‘मॉडिफाइड ऑयलर’ या नावाने भेटते. परीक्षेत बहुतेकांना ती येते. पण दुसऱ्या उताराने नेमके काय साधते आणि किती साधते, हे पुष्कळदा सुटून जाते. म्हणून इथे एकच पायरी घेऊ, ती दोन्ही प्रकारे हाताने करू आणि दोन उत्तरे खऱ्या उत्तराशेजारी ठेवून पाहू.

उदाहरण निवणाऱ्या चहाचे घेऊ. चहा ८० अंश सेल्सिअसवर आहे आणि खोलीचे तापमान ३० अंश आहे. न्यूटनच्या नियमानुसार चहा आणि खोली यांच्या तापमानांत जितका फरक, त्या प्रमाणात चहा निवतो. स्थिरांक मिनिटाला ०.१ धरू. कपातला चहा सहसा याहून सावकाश निवतो, पण या आकड्याने गणित कागदावर सुटसुटीत राहते.

```
dT/dt = -0.1*(T - 30),   T(0) = 80
```

दोन मिनिटांनी तापमान किती असेल, हा प्रश्न. पायरीची लांबी `h` म्हणजे २ मिनिटे. हे समीकरण कागदावर पुरते सुटते, त्यामुळे खरे उत्तर आपल्याला ठाऊक आहे : ७०.९३६५ अंश. पडताळ्यासाठी ते बाजूला लिहून ठेवा. नव्या माणसाने पहिला सराव अशाच समीकरणावर करावा, म्हणजे आपण किती चुकतो ते डोळ्यांसमोर राहते.

साधी पायरी

सुरुवातीला चहा आणि खोली यांत ५० अंशांचा फरक आहे, म्हणून उतार उणे ५. म्हणजे या क्षणी चहा मिनिटाला ५ अंशांनी निवतो आहे. दोन मिनिटे याच वेगाने निवला असे मानले तर १० अंश कमी होतील आणि उत्तर येईल ७०.

```
s1 = -0.1*(80 - 30) = -5
T* = 80 + 2*(-5) = 70
```

ऑयलरची पायरी इथे संपली. खऱ्या उत्तरापेक्षा ती ०.९३६५ अंशांनी खाली गेली. खालीच का गेली, तेही लगेच दिसते. चहा जसजसा निवतो तसतसा त्याचा निवण्याचा वेग मंदावतो. आपण मात्र सुरुवातीचा, म्हणजे सर्वांत जास्त असलेला वेग पूर्ण दोन मिनिटे चालू ठेवला.

सुधारित पायरी

आता ७० हे उत्तर न मानता अंदाज माना. वहीत त्याच्यापुढे चांदणी काढा, `T*` असे लिहा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, कारण पुढच्या बऱ्याचशा गफलती अंदाज आणि उत्तर यांची सरमिसळ झाल्याने होतात.

या अंदाजाचा उपयोग एकाच गोष्टीसाठी करायचा : पायरीच्या दुसऱ्या टोकाला उतार साधारण किती असेल ते काढण्यासाठी. तापमान ७० असेल तर खोलीशी फरक ४० आणि उतार उणे ४. म्हणजे सुरुवातीला वेग ५ होता आणि शेवटाकडे तो ४ च्या आसपास येतो. दोन्हींची सरासरी ४.५. आता पुन्हा सुरुवातीला, ८० वर या आणि तिथून या सरासरी उताराने दोन मिनिटे चाला.

```
s2 = -0.1*(70 - 30) = -4
सरासरी = (-5 + (-4))/2 = -4.5
T(2) = 80 + 2*(-4.5) = 71
```

उत्तर ७१. खऱ्या उत्तरापेक्षा ०.०६३५ ने वर. साध्या पायरीची त्रुटी जवळजवळ एक अंश होती, हिची सहा शतांश अंशांच्या थोडी वर आहे. म्हणजे जवळपास पंधरापट कमी.

दोन ठिकाणी हात चुकतो. पहिली चूक म्हणजे सरासरी उतार ८० ऐवजी ७० ला लावणे. तसे केले तर ६१ येते, आणि ते चूक आहे हे उघड दिसते, कारण दुरुस्ती केल्यावर उत्तर अंदाजाजवळच राहायला हवे. दुसरी चूक याहून लपून राहते. पुढची पायरी सुरू करताना आधीचा `s2`, म्हणजे उणे ४, तसाच उचलून नवा `s1` म्हणून वापरला जातो. तो उतार ७० या अंदाजावर काढलेला होता. आता आपण ७१ वर उभे आहोत, तेव्हा नवा `s1` उणे ४.१ आहे. पायरी पुरी झाली की अंदाज आणि त्याच्यावरचा उतार, दोन्ही सोडून द्यायचे.

एवढी सुधारणा होते कशी

दोन मिनिटांत चहा खरोखर ९.०६३५ अंशांनी निवतो, म्हणजे त्याचा खरा सरासरी वेग मिनिटाला ४.५३१७ अंश. साध्या पायरीने तो ५ धरला, आपण ४.५ धरला. नेमका सरासरी वेग ठाऊक असता तर उत्तर तंतोतंत आले असते. सगळी पद्धत म्हणजे त्या एका आकड्याच्या जवळ जाण्याची खटपट आहे.

इथे एक शंका यायला हवी. ७० हा अंदाज जवळजवळ एक अंशाने चुकलेला होता. चुकीच्या अंदाजावर काढलेला उतार घेऊन उत्तर इतके सुधारले कसे? याचे उत्तर आकड्यांतच आहे. अंदाज ०.९३६५ ने चुकला. उतार काढताना ती चूक ०.१ ने गुणली गेली, म्हणून उतारात ०.०९३६५ एवढीच चूक उतरली. पुढे सरासरी घेताना ती निम्मी झाली आणि `h` ने, म्हणजे २ ने गुणताना पुन्हा तेवढीच झाली. शेवटी उत्तरात पोहोचली फक्त ०.०९३६५. अंदाजातली चूक थेट उत्तरात जात नाही, ती आधी उताराच्या सूत्रातून गाळून जाते. `h` लहान असेल तर हे गाळणे आणखी बारीक होते.

पण मग एकूण त्रुटी ०.०९३६५ न येता ०.०६३५ कशी आली? कारण दुसरी एक चूक उलट दिशेने काम करते. टोकाचा खरा उतार उणे ४.०९३६५ आहे. तो जरी आपल्याला मिळाला असता, तरी दोन टोकांची सरासरी घेऊन उत्तर ७०.९०६३ आले असते, म्हणजे ०.०३०२ ने कमी. वेग ५ वरून ४.०९ वर सरळ रेषेत उतरत नाही. आधी झपाट्याने आणि मग सावकाश उतरतो. त्यामुळे दोन टोकांची सरासरी मधल्या खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त भरते. अंदाजाच्या चुकीने उत्तर ०.०९३७ ने वर ढकलले, सरासरीच्या चुकीने ०.०३०२ ने खाली ओढले, आणि वजाबाकी उरली ०.०६३५. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडावा असा माझा आग्रह आहे. त्यानंतर ही पद्धत नुसती सूत्र म्हणून लक्षात ठेवावी लागत नाही.

बरोबरीची तुलना

वरच्या तुलनेवर एक रास्त आक्षेप आहे. सुधारित पायरीत उतार दोनदा काढावा लागला, साध्या पायरीत एकदाच. हाताने करताना काय किंवा संगणकावर काय, खरी मेहनत उतार काढण्यातच असते. मग तेवढ्याच मेहनतीत साध्या पद्धतीला एकेका मिनिटाच्या दोन पायऱ्या चालू द्याव्यात आणि मग निकाल पाहावा.

पहिल्या मिनिटाला उतार उणे ५, तापमान ७५. दुसऱ्या मिनिटाला उतार उणे ४.५, तापमान ७०.५. त्रुटी ०.४३६५. दोन उतार वापरून साधी पद्धत जवळजवळ अर्ध्या अंशाने चुकते, तर सुधारित पायरीत दोन टोकांचे दोनच उतार सरासरी काढून वापरले की चूक ०.०६३५ वर येते. मेहनत सारखीच आहे आणि चूक सुमारे सातपट कमी.

आता सुधारित पद्धतीलाही एकेका मिनिटाच्या दोन पायऱ्या देऊ. हाताने करताना असा तक्ता आखून घ्यावा, म्हणजे कुठला आकडा कुठून आला ते हरवत नाही :

```
t    T        s1       T*       s2        सरासरी     नवे T
0    80       -5       75       -4.5      -4.75      75.25
1    75.25    -4.525   70.725   -4.0725   -4.29875   70.95125
```

आता त्रुटी ०.०१४७. `h` निम्मा केल्यावर साध्या पद्धतीची त्रुटी ०.९३६५ वरून ०.४३६५ झाली होती, साधारण निम्मी. सुधारित पद्धतीची ०.०६३५ वरून ०.०१४७ झाली, साधारण चौथा हिस्सा. पहिली पद्धत पहिल्या कोटीची आणि दुसरी दुसऱ्या कोटीची म्हणतात, त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच.

यातून स्वतःचे गणित तपासण्याची एक सोय मिळते. खरे उत्तर ठाऊक असलेले एखादे समीकरण घ्या, ते एकदा `h` ने आणि एकदा निम्म्या `h` ने सोडवा, आणि त्याच शेवटच्या वेळेला दोन्ही त्रुटी पाहा. चौथाईच्या आसपास घट झाली नाही आणि नुसती निम्मी झाली, तर दुसरा उतार काढताना कुठे तरी चूक झाली आहे.

ही चूक बहुधा ज्या जागी होते ती जागा चहाच्या गणितात दिसत नाही, कारण तिथे उतारात वेळ येतच नाही. परीक्षेतले नेहमीचे गणित घ्या : `dy/dx = x + y`, `y(0) = 1`, `h = 0.1`. पहिला उतार १, अंदाज १.१. दुसऱ्या उतारासाठी `y` बरोबर `x` सुद्धा पुढचा घ्यायचा, म्हणजे ०.१ + १.१ = १.२. सरासरी १.१ आणि उत्तर १.११. खरे उत्तर १.११०३४. घाईत `x` जुना, म्हणजे ० राहिला तर दुसरा उतार १.१ येतो आणि उत्तर १.१०५. हा आकडा दिसायला अगदी सभ्य आहे. साध्या पायरीच्या १.१ पेक्षा तो बराही आहे, त्यामुळे संशय येत नाही. पण त्रुटी ०.०००३४ ऐवजी ०.००५३४ झाली, म्हणजे पंधरापटीहून जास्त, आणि पद्धत पुन्हा पहिल्या कोटीवर घसरली.

खरे उत्तर ठाऊक नसताना

प्रत्यक्षात खरे उत्तर हाताशी नसते, नाहीतर ही खटपट केलीच नसती. तेव्हा अंदाज आणि दुरुस्त उत्तर यांतल्या अंतराकडे पाहायचे. आपल्या पायरीत ७० आणि ७१ यांत १ चे अंतर होते, आणि साध्या पायरीची खरी त्रुटी ०.९३६५ होती. एका मिनिटाच्या पहिल्या पायरीत ७५ आणि ७५.२५ यांत ०.२५ चे अंतर आहे, खरी त्रुटी ०.२४१९. म्हणजे हे अंतर साध्या पायरीच्या त्रुटीचा चांगला अदमास देते, आणि तोही फुकट, कारण दोन्ही आकडे तक्त्यात आहेतच.

दुरुस्त उत्तराची त्रुटी याहून कमी असते, पण किती कमी ते हे अंतर सांगत नाही. म्हणून मी त्याचा उपयोग इशारा म्हणून करतो. अंतर आपल्याला चालेल त्या चुकीच्या कित्येक पट असेल तर `h` निम्मा करून तीच पायरी पुन्हा करावी.

दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी का

आपल्याकडच्या पुस्तकांत ‘मॉडिफाइड ऑयलर’ म्हणून जे शिकवतात, त्यात एका दुरुस्तीवर थांबत नाहीत. ७१ मिळाल्यावर त्याच्यावर पुन्हा उतार काढतात, पुन्हा सरासरी घेतात, आणि चार दशांश स्थळे जुळेपर्यंत हे चालू ठेवतात. कॅल्क्युलेटरवर `Ans` ची कळ असेल तर हे काम सोपे होते. आधी `70` दाबून `=` करा, मग ही ओळ एकदा लिहा आणि `=` दाबत राहा :

```
80+(2/2)*(-5-0.1*(Ans-30))
```

पडद्यावर येते ७१, मग ७०.९, मग ७०.९१, मग ७०.९०९. दर वेळी बदल आधीच्या एक दशांश होतो, कारण इथे `h` गुणिले ०.१ भागिले २ म्हणजेच ०.१. अखेर आकडा ७०.९०९१ वर स्थिरावतो.

इथेच मोठा गैरसमज होतो. आकडा हलायचा थांबला म्हणजे खरे उत्तर मिळाले असे वाटते. खरे उत्तर ७०.९३६५ आहे. दुरुस्त्या ज्या आकड्याकडे जातात ते सरासरी-उताराच्या समीकरणाचे उत्तर असते आणि मूळ अवकल समीकरणाशी त्याचा ०.०२७४ चा फरक उरतोच. कितीही वेळा `=` दाबले तरी तो जात नाही, तो फक्त `h` कमी केल्याने जातो. या उदाहरणात त्रुटी ०.०६३५ वरून ०.०२७४ झाली हे खरे, पण कोटी दुसरीच राहिली. शिवाय प्रत्येक दुरुस्तीला एक नवा उतार खर्ची पडला. दोन जादा उतारांत आपण एकेका मिनिटाच्या दोन सुधारित पायऱ्या केल्या असत्या आणि त्रुटी ०.०१४७ वर आणली असती. म्हणून परीक्षेत प्रश्न जसे मागेल तसे करा. स्वतःच्या कामासाठी एक दुरुस्ती करून `h` लहान ठेवणे मला जास्त किफायतशीर वाटते.

नावाबाबत एक सावधगिरी हवी. काही पुस्तके ‘मॉडिफाइड ऑयलर’ हे नाव एका वेगळ्याच पद्धतीला देतात. तिच्यात अर्ध्या पायरीवर जाऊन तिथला उतार काढतात आणि तोच पूर्ण पायरीला लावतात. वेगळ्या पुस्तकातले उत्तर आपल्याशी जुळले नाही तर आधी त्यातले सूत्र पाहा.

पायरी फार लांब झाली तर

सुधारित पायरीवर विसंबून `h` भलताच वाढवला तर काय होते ते याच चहावर पाहू. ५ मिनिटांच्या पायरीत अंदाज ५५ येतो, दुसरा उतार उणे २.५, सरासरी उणे ३.७५ आणि उत्तर ६१.२५. खरे तापमान ६०.३२६५. म्हणजे पाच मिनिटांची सुधारित पायरी ०.९२ ने चुकते, जवळपास तितकीच जितकी दोन मिनिटांची साधी पायरी चुकली होती. अंदाज आणि उत्तर यांतले अंतर मात्र ६.२५ आहे. इशारा तक्त्यात स्पष्ट उमटला आहे.

आता २० मिनिटे घ्या. पहिला उतार उणे ५, म्हणून अंदाज ८० − १०० = उणे २०. तीस अंशांच्या खोलीत चहा गोठणबिंदूखाली गेला! या अंदाजावर दुसरा उतार निघतो अधिक ५. सरासरी शून्य, आणि उत्तर ८०. वीस मिनिटांत चहा अजिबात निवला नाही, असे पद्धत सांगते. खरे तापमान तेव्हा ३६.७७ च्या आसपास असते.

दुसरा उतार पहिल्याच्या उलट चिन्हाचा निघाला, हीच इथली खूण. निवणारा चहा खोलीपर्यंत येऊन थांबतो, तापू लागत नाही. त्यामुळे उताराचे चिन्ह बदलायचे काही कारणच नाही. दुरुस्त्या पुन्हा पुन्हा करून पाहिल्या तर पडद्यावर ८०, उणे २०, ८०, उणे २० असेच येत राहते. बदल प्रत्येक वेळी ज्या पटीने कमी व्हायला हवा, ती पट इथे बरोबर १ झाली आहे. `h` याहूनही वाढवला तर ते आकडे एकमेकांपासून दूरच पळू लागतात. दुरुस्त्या जुळत नाहीत असे दिसले की पुष्कळजण आकडेमोडीत चूक शोधत बसतात. आधी `h` निम्मा करून पाहावा. आकडे जुळू लागले तर दोष पायरीच्या लांबीत होता. निम्म्यावरही तसेच उड्या मारत राहिले, तर मग `s2` च्या ओळीपासून मागे जात चिन्हे तपासावीत.